जहाजावरच्या आपल्या माणसाला नाताळचे पत्र ऑक्टोबरातच लिहा



आमच्या तारिहाळपासून समुद्र लांब आहे. कारवारचा किनारा दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, आणि वास्कोला जायचे तर लोंढा, कॅसलरॉकचा घाट उतरावा लागतो. तरीही आपल्या ओळखीच्या घरांतून एखादा तरी मुलगा, भाचा, दीर किंवा जावई जहाजावर असतो. बेळगावकडच्या, गोव्याच्या, वसईच्या नातेवाइकांत तर अशी घरे शोधावी लागत नाहीत. डिसेंबर उजाडला की या घरांतून एकच वाक्य ऐकू येते : "आता काय पत्र लिहायचे, चोवीस तारखेला रात्री फोन लावू."

माझे मत याच्या उलट आहे. फोन जरूर लावा. पण जहाजावरच्या माणसाला नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर त्या कागदावर लिहाव्यात आणि जपमाळेचा महिना संपण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरातच लिहाव्यात. पत्र कुठे पाठवायचे, त्यात काय घालायचे आणि काय मुळीच घालायचे नाही, याचेही काही हिशेब आहेत. ते न कळल्यामुळे चांगल्या मनाने लिहिलेली पत्रे वाया जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

फोन आहे, मग पत्र कशाला?

जहाजावर आता इंटरनेट असते, हे खरे आहे. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, 2006 चा सागरी कामगार करार, त्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू आहे. शक्य तेवढी इंटरनेटची सोय खलाशांना द्यावी आणि त्याचे पैसे घ्यायचेच असतील तर ते वाजवी असावेत, असे तिच्यात म्हटले आहे. ही चांगलीच गोष्ट झाली.

अडचण आहे ती घड्याळाची. माझ्या भाच्याचेच उदाहरण घेऊ. तो लोहखनिज वाहणाऱ्या मोठ्या जहाजावर एबी, म्हणजे एबल सीमन आहे. असे जहाज सिंगापूरजवळून रिकामे निघते, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून साधारण महिन्याभरात ब्राझीलला पोहोचते आणि तिथे खनिज भरून चीनकडे परत फिरते. समजा, नाताळाला हे जहाज ब्राझीलमधल्या तुबारांव बंदराबाहेर नांगर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत उभे आहे. ब्राझीलच्या त्या किनाऱ्यावरचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असते. आपण मध्यरात्रीची मिस्सा आटोपून बारा वाजता एकमेकांना मिठ्या मारतो, तेव्हा त्याच्याकडे चोवीस तारखेचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. त्याची पाळी चार ते आठ. पहाटे चार ते आठ काम झाले आहे आणि आता संध्याकाळच्या चार ते आठसाठी तो बूट घालतो आहे. नेमक्या त्याच वेळी घरातून फोन येतो. मागे गाण्यांचा आवाज, सात माणसे एकदम बोलतात, आजीला ऐकू येत नाही, आणि दहा मिनिटांत त्याला "बरं, जातो" म्हणावे लागते. त्याच्या घड्याळात मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. आपण सणाच्या दिवशीच्या मिस्सेला चर्चमध्ये असतो आणि फोन घरी टेबलावर असतो.

पत्राला हे घड्याळ लागत नाही. ते त्याच्या उशीजवळच्या कप्प्यात असते. पाळी संपल्यावर, अंघोळ झाल्यावर, हवे तेव्हा तो ते उघडतो. उत्तर ताबडतोब द्यावे लागत नाही, चेहरा हसरा ठेवावा लागत नाही. फोन कामाला येतो तो तातडीच्या गोष्टीसाठी, शुभेच्छांसाठी पत्रच बरे.

पत्त्याचा हिशेब

आता मुख्य प्रश्न : पाठवायचे कुठे? आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की जहाज ज्या बंदरात जाणार तिथल्या पत्त्यावर पाठवावे. पद्धत तशीच आहे. प्रत्येक बंदरात जहाजाचा एक एजंट असतो. तो जहाजाची कागदपत्रे पाहतो, डॉक्टर, पाणी, इंधन यांची सोय करतो आणि टपालही वर नेतो. पाकिटावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत आधी खलाशाचे नाव व हुद्दा, मग जहाजाचे नाव, त्याखाली 'केअर ऑफ मास्टर' म्हणजे कप्तानामार्फत, आणि शेवटी एजंटचे नाव-पत्ता, असे लिहितात. जहाजाच्या नावापुढे त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांकही लिहावा. मालक बदलला की जहाजाचे नाव बदलू शकते, पण हा क्रमांक जहाज मोडीत निघेपर्यंत तोच राहतो.

मात्र इथे एक गोम आहे. ठरलेल्या वेळापत्रकाने त्याच त्या बंदरांत फिरणारी कंटेनर जहाजे असतात, त्यांचे एजंट कायमचे असतात. तिथे टपाल चालते. पण खनिज, कोळसा, धान्य किंवा तेल वाहणारे जहाज भाड्याने जिकडे काम मिळेल तिकडे जाते. अशा जहाजाचा पुढच्या बंदरातला एजंट बहुधा पोहोचण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधीच नेमला जातो. आपल्या हुबळीहून परदेशी टाकलेले साधे पत्र तिकडे पोहोचायला दोन-चार आठवडे सहज लागतात. म्हणजे एजंट कळेपर्यंत पत्र टाकायची वेळ निघून गेलेली असते, आणि वेळेवर टाकायचे तर पत्ताच माहीत नसतो. हा हिशेब कोणत्याही बाजूने सुटत नाही.

त्यात वाटाही बदलतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजे सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपच्या लांब वाटेने जाऊ लागली. प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. सुएझच्या एजंटकडे कोणी पत्र पाठवले असेल तर ते जहाज तिथे आलेच नाही. जहाज निघून गेल्यावर पोहोचलेले पाकीट एजंटच्या कार्यालयात पडून राहते किंवा परत येते. खलाशांची पत्रे भरवशाने व लवकर पुढे पाठवावीत, आणि पत्ता बदलावा लागल्यास जादा टपालखर्च त्यांच्यावर पडू नये असा प्रयत्न व्हावा, असे त्या सागरी कराराच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण ती सूचना आहे, सक्ती नाही.

म्हणून मी सांगतो ती वाट वेगळी आहे : पत्र समुद्राच्या मागे धाडू नका, समुद्राकडे निघालेल्या माणसाबरोबर द्या.

जहाजावरचे लोक एकदम बदलत नाहीत. दोघे-चौघे उतरतात, दोघे-चौघे चढतात. भारतीय खलाशी असलेल्या जहाजावर चढणारी माणसे पुष्कळदा मुंबईच्या भरती कार्यालयातून जातात. आपल्या माणसाच्या करारपत्रावर या कार्यालयाचे नाव-पत्ता असतो. घरच्या माणसाने फोन करून एवढेच विचारायचे : "या जहाजावर आता पुढची माणसे कधी चढणार आहेत? त्यांच्याबरोबर एक पत्र देता येईल का?" बरीच कार्यालये हो म्हणतात. नाही म्हटले तर आपल्या माणसालाच विचारा, चढणारा कोण आहे ते त्याला बहुधा ठाऊक असते.

आता माझ्या भाच्याच्या बाबतीत तारखा कशा लागतात ते पाहा. तो जूनमध्ये चढला, करार नऊ महिन्यांचा. म्हणजे नाताळ जहाजावरच. समजा, नोव्हेंबरच्या मध्यावर सिंगापूरला इंधन घेताना दोघे नवे लोक चढणार आहेत. ती माणसे दोन-तीन दिवस आधी मुंबईहून निघतील. पत्र त्याआधी आठवडाभर कार्यालयात असावे, म्हणजे पाच नोव्हेंबरपर्यंत. हुबळीहून मुंबईला स्पीड पोस्टला तीन-चार दिवस धरा, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या येऊ शकतात म्हणून आणखी दोन-तीन. म्हणजे पत्र टाकायचे ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. आणि सिंगापूर सुटले की ब्राझीलपर्यंत महिनाभर मध्ये काहीच नाही, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. ती संधी हुकली तर नाताळ हुकला. मी जपमाळेचा महिना म्हणतो तो याचसाठी.

पत्र नोव्हेंबरातच हाती पडेल, मग नाताळाचे कसे? पाकिटावर लिहा : "24 डिसेंबरला उघडावे." तो आधी उघडेल की नाही, ते त्याच्यावर सोडा.

नेणाऱ्या माणसाचा विचार

पत्र नेणारा तरुणही कोणाच्या तरी घरचा आहे. त्याच्या सामानाचे वजन मोजलेले असते आणि विमानतळावर, बंदरावर त्याचीच तपासणी होते. म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. पाकीट चिकटवू नका. उघडे द्या, म्हणजे आत काय आहे ते त्याला पाहता येते. अनोळखी माणसाचे बंद पुडके नेणे त्याच्या नोकरीवर बेतू शकते. दुसरे, पत्रासोबत फराळाचा डबा, केक, लोणचे देऊ नका.

तिसरी गोष्ट आपल्याला सुचत नाही. इस्टरचे पत्र असेल तर आपण प्रेमाने त्यात झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी किंवा तिचा छोटा क्रूस घालतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत टपालातून वा सामानातून येणाऱ्या वनस्पतीच्या वस्तूंवर कडक नजर असते. झावळी, वाळलेले फूल, बी असे काहीही सापडले तर ते काढून घेतात, आणि नेणाऱ्याने ते जाहीर केले नसेल तर त्याला दंड होऊ शकतो. आपली झावळी वेदीजवळ ठेवा आणि तिचा फोटो पाठवा. फोटो, मुलांनी काढलेले चित्र, प्रार्थनेचे कार्ड एवढेच पाकिटात घालावे.

बंदरांत आपली माणसेही आहेत, हे विसरू नये. खलाशांसाठीचे कॅथोलिक सेवाकार्य 1920 साली ग्लासगो शहरात सुरू झाले, ते आज स्टेला मारिस, म्हणजे समुद्रतारा, या नावाने ओळखले जाते. अँग्लिकन बंधूंचे मिशन टू सीफेअरर्स त्याहून जुने, 1856 चे. यांचे धर्मगुरू आणि स्वयंसेवक बंदरात उभ्या जहाजांवर शिडी चढून जातात, कोण आजारी आहे, कोणाला घरी फोन करायचा आहे, याची चौकशी करतात. ज्या बंदरात जहाज नक्की लागणार आहे आणि तिथे असे केंद्र आहे, तिथे आधी विचारून पत्र त्यांच्या पत्त्यावरही पाठवता येते. जुलैचा दुसरा रविवार आपण सागर रविवार म्हणून पाळतो, तो याच लोकांसाठी आहे.

पत्रात काय असावे

येथे मला दोन जुन्या माणसांकडून शिकायला मिळाले. पहिला अपियोन नावाचा तरुण. हा ख्रिस्ती नव्हता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो इजिप्तमधून रोमी आरमारात भरती झाला आणि इटलीतल्या मिसेनुम बंदरातून त्याने वडिलांना पत्र लिहिले. पपायरसवरचे ते पत्र आजही टिकून आहे. तो लिहितो की समुद्रात संकट आले, पण आपल्या देवाने वाचवले. प्रवासखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली. वडिलांनी आपल्या आणि भावंडांच्या खुशालीचे पत्र लिहावे, अशी विनंती करतो. आपले छोटे चित्र पाठवतो. नवे रोमी नाव मिळाले ते कळवतो. आणि मग एकेकाचे नाव घेऊन नमस्कार सांगतो. पत्राच्या बाहेर लिहिले आहे की हे आधी सैन्याच्या छावणीतल्या अमुक कारकुनाकडे द्यावे, म्हणजे तो वडिलांना पोहोचते करील. अठराशे वर्षांपूर्वीचे हे 'केअर ऑफ' आहे.

दुसरे आपले संत पौल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय वाचनात आला की आपण कंटाळतो, कारण ती नुसती नावांची यादी वाटते. वीसहून अधिक माणसांना नाव घेऊन सलाम. पण प्रत्येक नावामागे पौलाने एखादी खूण ठेवली आहे : हिने पुष्कळ कष्ट केले, हे माझ्यासोबत तुरुंगात होते, याची आई मलाही आईसारखी. "सर्वांना नमस्कार" असे लिहून भागले असते. पौलाने तसे केले नाही.

आपल्या पत्रातही हेच हवे. दूर असलेल्या माणसाला उपदेश नको असतो, त्याला आपल्याविना घर कसे चालले आहे ते हवे असते. म्हणून एकेका माणसाचे नाव घ्या आणि त्याची एक ताजी गोष्ट सांगा. जी गोष्ट छापील कार्डावर असू शकते ती गाळा.

नमुन्यादाखल, नावे वगळून, असे :

"चि. भाच्यास, मामाचा आशीर्वाद. पत्र क्रमांक दोन. तारीख 24 ऑक्टोबर. हे वाचशील तेव्हा या बातम्या दोन महिन्यांच्या शिळ्या असतील, तसे समजूनच वाच. पत्रास कारण की नाताळच्या शुभेच्छा. यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला, परसातल्या पेरूला अजून फळ आहे. तुझी आजी रोज संध्याकाळी रोजरीला शेवटचे गूढ तुझ्या नावाने म्हणते आणि मग विचारते, त्याच्याकडे आता किती वाजले. मी सांगतो, ती विसरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. धाकटीने गायनवृंदात नाव घातले, आवाज मोठा आहे, सुराचे बघू. तुझ्या सायकलची हवा मी भरून ठेवली, पण बाबा ती शेजारच्या मुलाला द्यायची म्हणतात. तुझे उत्तर येईपर्यंत देऊ नका असे मी सांगितले आहे. औद्योगिक वसाहतीकडच्या रस्त्याचे काम अजून तसेच. गव्हाणीत मेंढराचा एक पाय मोडलाय, तो तू मागे चिकटवला होतास तोच. पंचवीसला सकाळी साडेआठच्या मिस्सेला आम्ही सगळे असू, तुझ्याकडे कदाचित मध्यरात्र असेल. त्या वेळी तू जागा असलास तर आपण एकाच वेळी प्रार्थना करू. झोपला असलास तर झोप, आम्ही तुझीही करू."

एवढे पुरे. यात मोठे शब्द नाहीत, पण पंचवीस तारखेला साडेआठ वाजता काय करायचे ते त्याला ठाऊक आहे. क्रमांक घातल्याने कुठले पत्र पोहोचले नाही ते कळते. आणि पाठवण्यापूर्वी पत्राचा फोटो काढून ठेवावा. वीस डिसेंबरपर्यंत हाती पडले नाही असे कळले तर तो फोटो फोनवर पाठवता येतो.

काय लिहू नये

पहिले, परतीचे दिवस मोजू नका. "आता शंभरच दिवस राहिले," "इस्टरला तू घरीच" असे लिहायचा मोह होतो. कराराची तारीख आणि उतरण्याची तारीख एकच असेल असे नाही. बदली माणूस मिळाला नाही, जहाज सोयीच्या बंदरात आले नाही, तर मुदत पुढे जाते. 2020 मध्ये महामारीने बंदरे बंद झाली तेव्हा जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. 'जग आनंद' आणि 'अनास्तासिया' या दोन जहाजांवरचे आपले 39 भारतीय खलाशी चीनच्या बंदरांबाहेर कित्येक महिने नांगरावर होते. किनारा दिसत होता, उतरता येत नव्हते. कोळसा उतरवायची परवानगी न मिळाल्याने 'जग आनंद' शेवटी जपानला गेले आणि तिथे जानेवारी 2021 मध्ये माणसे उतरली. अशा माणसाच्या कप्प्यात घरच्यांनी मोजलेल्या दिवसांचे पत्र असेल, तर तारीख उलटल्यावर ते रोज टोचते. "तू येशील तेव्हा" एवढेच लिहावे.

दुसरे, निर्णय मागू नका. जमिनीची वाटणी, बहिणीचे स्थळ, कर्जाचा हप्ता हे शुभेच्छापत्रात नको. तिथून तो काही करू शकत नाही, आणि चौघांशी बोलून मन हलके करायची सोयही नाही.

तिसरे, दुःखाची बातमी. याबाबत आपल्या घरांत दोन टोके दिसतात. कोणी महिनोन्महिने लपवते, कोणी अर्धवट सांगते. फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीताची गोष्ट आहे. तो दूर पौलाजवळ असताना आजारी पडला, आणि आपल्या आजाराची बातमी घरच्या मंडळीला कळली म्हणून तो अधिक तळमळला. पौलाने त्याला सरळ परत पाठवले. बातमी पोहोचते, पण ती सांभाळणारे माणूस सोबत पोहोचतेच असे नाही, हे तेव्हाही खरे होते. म्हणून मृत्यूची किंवा गंभीर आजाराची बातमी पत्रात नको, आणि एकटा असताना त्याच्या फोनवर संदेश म्हणूनही नको. भरती कार्यालयाला कळवा. ते कप्तानाला सांगतात, आणि कप्तान त्याला बोलावून, शेजारी कोणी बसवून, घरी फोन लावून देऊ शकतो. उंचावर किंवा दोरखंडांजवळ काम करणाऱ्याला पाळीच्या तोंडावर अशी बातमी मिळणे त्याच्या जिवाला धोक्याचे आहे. मात्र बातमी एकदा सांगितली की पुढच्या पत्रात तिच्याविषयी मोकळेपणाने लिहा. दफनाला कोण आले, कोणते गीत म्हटले, क्रूस कुठे रोवला. तो तिथे नव्हता, त्याला ते सगळे हवे असते.

इथेच तारखेचे महत्त्व कळते. ऑक्टोबरात "आजी ठणठणीत आहे" असे आपण लिहितो, आणि डिसेंबरात तो ते वाचतो तेव्हा तसे असेलच असे नाही. म्हणून वर तारीख हवी आणि बातमी त्या दिवसाचीच म्हणून सांगायला हवी. मग तीच ओळ नंतर जपून ठेवण्याजोगी होते.

चौथे एक आपल्या सर्वांसाठी. चर्चच्या फलकावर किंवा ग्रुपवर "आमचा मुलगा अमुक जहाजावर, अमुक तारखेला अमुक बंदरात" असे टाकू नये. धोक्याच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाची वाट गावभर करणे बरे नव्हे. सामुदायिक प्रार्थनेत नाव घेऊन "समुद्रावर असलेला आपला बंधू" एवढे म्हटले तरी देवाला पत्ता कळतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटी पौल रोमला पोहोचतो. वाटेत जहाज फुटले, 276 माणसे पोहत, फळ्या धरत किनाऱ्याला लागली, तीन महिने माल्टा बेटावर गेले. रोममधले यहुदी पुढारी त्याला भेटतात तेव्हा सांगतात की तुझ्याविषयी यहुदियाहून आम्हाला काही पत्रे आलेली नाहीत. हिवाळ्यात समुद्र बंद, म्हणून टपालही बंद. माणूस पोहोचला, पत्र मागे राहिले. आपल्याकडे आज तेवढी अडचण नाही. ऑक्टोबर आहे, स्पीड पोस्ट आहे, मुंबईचे एक कार्यालय आहे आणि जहाजावर चढायला निघालेला कोणाचा तरी मुलगा आहे.

या रविवारी मिस्सेनंतर ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर असेल त्यांनी पाच मिनिटे थांबावे. कार्यालयाला फोन कसा करायचा, पाकीट कसे लिहायचे, ते आपण बसून करू. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले चित्रे काढून देतील. मेंढराचे चित्र काढणारे पुष्कळ निघतील, समुद्र काढायला सांगू.